दहा माणसांची झोप आणि २.२६२

[पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एकेक करून दहा आकडे]

१.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४.

हे तास आहेत. १९०५ साली कुश्नी आणि पीबल्स या दोन संशोधकांनी दहा रुग्णांवर झोपेच्या औषधांचा परिणाम मोजला. त्यातल्या दोन औषधांमुळे प्रत्येक रुग्ण नेहमीपेक्षा किती जास्त झोपला याची नोंद त्यांच्याकडे होती. हे दहा आकडे म्हणजे दुसऱ्या औषधाच्या नोंदीतून पहिल्या औषधाची नोंद वजा केल्यावर उरलेला फरक. पाचव्या रुग्णाला दोन्ही औषधं सारखीच, नवव्याला मात्र दुसऱ्या औषधाने साडेचार तासांहून जास्त झोप दिली.

तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी हेच आकडे आपल्या लेखात उदाहरण म्हणून वापरले. लेखाखाली मात्र टोपणनाव होतं, ‘स्टुडंट’.

प्रश्न साधा आहे. दुसरं औषध सरासरी किती जास्त झोप देतं? फक्त या दहा जणांना नव्हे, तर यांच्यासारख्या सगळ्या रुग्णांना.

[पडद्यावर आकडेमोड हळूहळू उलगडते]

दहा फरकांची बेरीज १५.८, म्हणजे सरासरी १.५८ तास. आता प्रत्येक आकडा या सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि बेरीज घ्यायची. ती येते १३.६१६. तिला दहाने नाही, नऊने भागायचं. सरासरी याच दहा आकड्यांतून काढली आहे, त्यामुळे नऊ अंतरं कळली की दहावं आपोआप ठरतं. स्वतंत्र माहिती नऊच अंतरांची, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम नऊ. भागाकाराचं वर्गमूळ १.२३, हे नमुन्याचं प्रमाण विचलन.

१.२३ ला दहाच्या वर्गमूळाने भागलं की ०.३८९ मिळतं. हा सरासरीचा स्टँडर्ड एरर. नमुना बदलला तर सरासरी साधारण किती हलेल, याचा हा अंदाज.

९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे सगळ्या रुग्णांची खरी सरासरी पकडण्यासाठी नमुन्यावरून आखलेला पट्टा, हवा असेल, तर नमुन्याच्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती स्टँडर्ड एरर जायचं? १.९६ हा आकडा अनेकांना पाठ असतो. इथे तो चालत नाही.

[पडद्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा ढीग]

याचं कारण गॉसेट यांनी गणिताने मांडलं आणि मग हाताने तपासलं. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी मोजमापं त्यांच्याकडे होती. ती पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे नीट पिसले, आणि चार-चारचे ७५० नमुने केले. संगणक नव्हता, हे लक्षात घेतलं की या कामाचा आवाका कळतो.

चारचा नमुना घेतला की केवळ सरासरी हलत नाही, प्रमाण विचलनही हलतं. मोजमापं प्रसामान्य वितरणातली असतील, तर चारच्या नमुन्याचं प्रमाण विचलन दहातल्या साधारण सहा वेळा खऱ्यापेक्षा कमी येतं. ते कमी आलं की स्टँडर्ड एरर कमी येतो, इंटरव्हल आखूड होतो आणि खरी सरासरी त्याच्या बाहेर राहण्याची शक्यता वाढते. चारच्या नमुन्याला १.९६ वापरलं, तर ९५ टक्क्यांचा म्हणवला जाणारा इंटरव्हल प्रत्यक्षात फक्त साडेपंच्याऐंशी टक्के वेळा खरी सरासरी पकडतो. दहाच्या नमुन्याला सुमारे ९२ टक्के वेळा.

ही तूट भरून काढण्यासाठी गुणक मोठा लागतो, आणि तो नमुन्याच्या आकारानुसार t वितरण देतं. चार मोजमापांना ३.१८२, दहांना २.२६२, तिसांना २.०४५. नमुना वाढत जातो तसा हा आकडा १.९६ कडे उतरतो.

आपल्याकडे दहा रुग्ण आहेत. २.२६२ गुणिले ०.३८९ म्हणजे ०.८८. १.५८ मधून ०.८८ वजा केले की ०.७०, मिळवले की २.४६. इंटरव्हल ०.७० ते २.४६ तास.

इथे एक दुरुस्ती हवी. गॉसेट यांनी हा इंटरव्हल असा मांडला नव्हता. वर्गांची बेरीज ते नऊऐवजी दहाने भागत. आज वापरात असलेलं t चं रूप संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी रुळवलं आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलची कल्पना १९३० च्या दशकात दुसरे संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी उभी केली. नेमन यांच्या अर्थाने ९५ टक्के हे पद्धतीचं यश आहे: असे अनेक नमुने घेतले तर शंभरातले सुमारे ९५ इंटरव्हल खऱ्या सरासरीला धरतील. ‘९५ टक्के रुग्णांना ०.७० ते २.४६ तास जास्त झोप मिळेल’ असा अर्थ काढणं चूक. आपल्याच दहांतले दोघे या पट्ट्याबाहेर आहेत.

[पडद्यावर संगणक]

R या सांख्यिकीच्या संगणकीय भाषेत एवढंच लिहायचं:

```r
d <- c(1.2, 2.4, 1.3, 1.3, 0.0, 1.0, 1.8, 0.8, 4.6, 1.4)
t.test(d)$conf.int
```

एक्सेलमध्ये गुणकासाठी `T.INV.2T(0.05, 9)`. घाईत `T.INV(0.05, 9)` लिहिलं तर उणे १.८३३ मिळतं, कारण ते एकाच बाजूचं आहे. ऋण चिन्ह दिसलं की थांबावं. प्रमाण विचलनासाठी `STDEV.S` घ्यावं. `STDEV.P` दहाने भागतं आणि १.२३ ऐवजी १.१७ देतं.

पण सूत्राच्या चुकीपेक्षा महाग पडते ती मांडणीची चूक. हीच माहिती ‘दहा रुग्ण पहिल्या औषधावर आणि दुसरे दहा दुसऱ्या औषधावर’ अशी समजून सोडवली, तर इंटरव्हल येतो उणे ०.२० ते ३.३६. त्यात शून्य आहे, म्हणजे औषधांत फरक असल्याचं सांगता येत नाही. आकडे तेच, निष्कर्ष उलटा. कोणत्याही औषधाने जास्त झोपणारा आणि कोणत्याही औषधाने फारसा न झोपणारा यांच्यातला फरक त्या गणितात गोंधळ घालतो. एकाच माणसाच्या दोन नोंदी वजा केल्या की तो निघून जातो.

[४.६ हा आकडा ठळक होतो]

आता नववा रुग्ण. बाकी सगळे शून्य ते अडीचच्या आत, हा एकटा ४.६ वर. t ची पद्धत मोजमापं साधारण प्रसामान्य असल्याचं गृहीत धरते, आणि दहांच्या नमुन्यात असा एक आकडा त्या गृहीतकावर शंका आणतो. त्याला वगळून पाहू. सरासरी १.२४ वर येते, प्रमाण विचलन १.२३ वरून ०.६६ वर. उरलेल्या नऊ जणांसाठी गुणक २.३०६. नवा इंटरव्हल ०.७४ ते १.७५.

वरचं टोक जवळजवळ पाऊण तासाने खाली आलं, खालचं टोक जेमतेम हललं, तेही किंचित वर. दुसऱ्या औषधाच्या बाजूचा सर्वांत मोठा आकडा काढला, तरी शून्य आणखी दूरच गेलं. तो एक आकडा सरासरी वर ओढत होता, पण प्रमाण विचलन त्याहून जास्त फुगवत होता.

म्हणून ‘दुसरं औषध जास्त झोप देतं’ हे विधान नवव्या रुग्णावर उभं नाही. ‘अडीच तासांपर्यंत देऊ शकेल’ हे विधान मात्र बरंचसं त्याच्यावर उभं आहे. मोजणीत चूक झाल्याचा पुरावा नसेल तर त्याला नोंदीतून काढू नये. अहवालात ०.७० ते २.४६ द्यावं, आणि शेजारी त्याच्याविना आलेलं ०.७४ ते १.७५ सुद्धा.