डॉक्टर, सर्जन आणि माणसं: तीन वर्तुळं कशी बसवायची

[दृश्य: कागदावर तीन शब्द – डॉक्टर, सर्जन, माणसं. खाली चार आकृत्या. वर्तुळांवर नावं नाहीत.]

परीक्षेत असा प्रश्न येतो: या तीन शब्दांचं आपसातलं नातं कोणती आकृती बरोबर दाखवते? शब्द तीन आणि आकृत्या चार. पहिलीत वर्तुळाच्या आत वर्तुळ आणि त्याच्याही आत तिसरं. दुसरीत एका मोठ्या वर्तुळाच्या पोटात दोन सुटी वर्तुळं. तिसरीत तिन्ही वर्तुळं एकमेकांना छेदतात, तर चौथीत तिन्ही अलग. कोणतं वर्तुळ कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आकृत्यांकडे लगेच वळायचं नाही. एखादी आकृती जुळल्यासारखी वाटली की मन तिच्याच बाजूने कारणं शोधू लागतं. त्याआधी शब्द जोडीजोडीने घ्यावेत. तीन शब्दांच्या जोड्याही तीनच होतात.

[दृश्य: हात ‘सर्जन – डॉक्टर’ अशी जोडी लिहितो.]

पहिली जोडी सर्जन आणि डॉक्टर. प्रत्येक सर्जन डॉक्टर असतो का? हो, शस्त्रक्रिया करायला आधी वैद्यकीय शिक्षण लागतं. आता तोच प्रश्न उलटा विचारायचा: प्रत्येक डॉक्टर सर्जन असतो का? भूलतज्ज्ञ पाहा. शस्त्रक्रिया चालू असताना तो टेबलाच्या डोक्याशी उभा असतो, रुग्णाचा श्वास आणि नाडी त्याच्या ताब्यात असते, तरीही तो सर्जन नसतो. असा एक माणूस सापडला की उत्तर ‘नाही’. एका दिशेने हो आणि दुसऱ्या दिशेने नाही, म्हणजे सर्जनांचं वर्तुळ डॉक्टरांच्या वर्तुळात पूर्ण आत जातं. बाहेर जी जागा उरते, तिथे आपला भूलतज्ज्ञ उभा राहतो.

दुसरी जोडी डॉक्टर आणि माणसं. प्रत्येक डॉक्टर माणूस असतो, प्रत्येक माणूस डॉक्टर नसतो. म्हणून डॉक्टर माणसांच्या आत. जनावरांच्या डॉक्टरांचं काय, अशी शंका इथे हमखास येते. रुग्ण गाय असली तरी तपासणारा माणूसच असतो. वर्तुळ डॉक्टरांचं आहे, रुग्णांचं नाही.

तिसरी जोडी सर्जन आणि माणसं. हिच्यासाठी वेगळं डोकं चालवायला नको. सर्जन डॉक्टरांच्या आत आहेत, डॉक्टर माणसांच्या आत, तेव्हा सर्जनही माणसांच्या आतच आले. उत्तर पहिली आकृती. सगळ्यात आतलं वर्तुळ सर्जनांचं, मधलं डॉक्टरांचं, बाहेरचं माणसांचं. प्रश्नातला शब्दांचा क्रम वेगळा असला, तरी आकृती बदलत नाही. वर्तुळ केवढं काढलंय, यालाही अर्थ नाही. आतलं वर्तुळ टिकलीएवढं असो की बाहेरच्यात जेमतेम मावणारं, ते फक्त ‘सगळे आत’ एवढंच सांगतं. किती आहेत, हे सांगत नाही.

[दृश्य: ‘माणसं’ खोडून तिथे ‘स्त्रिया’ लिहिलं जातं.]

आता एकच शब्द बदलू. डॉक्टर, सर्जन, स्त्रिया. सर्जन डॉक्टरांच्या आत, हे तसंच राहतं. स्त्रिया आणि डॉक्टर या जोडीत मात्र दोन्ही दिशांना उत्तर ‘नाही’ येतं. सगळ्या स्त्रिया डॉक्टर नसतात, सगळे डॉक्टर स्त्रिया नसतात. इथे तिसरा प्रश्न विचारावा लागतो: दोन्हीत बसणारं एक तरी माणूस आहे का? स्त्री डॉक्टर असतातच. मग वर्तुळं छेदतात.

बरेचजण इथे थांबतात आणि नेमके इथेच चुकतात. एखाद्या आकृतीत स्त्रियांचं वर्तुळ डॉक्टरांच्या कडेतून थोडं आत शिरलेलं दिसतं, आणि आतलं छोटं वर्तुळ त्याच्यापासून लांब राहिलेलं असतं. घाईत तीच आकृती बरोबर वाटते. पण ती म्हणते की एकही स्त्री सर्जन नाही. सर्जन आणि स्त्रिया ही जोडी स्वतंत्रपणे तपासायलाच हवी. स्त्री सर्जन असतात, पुरुष सर्जनही असतात, म्हणून स्त्रियांच्या वर्तुळाने डॉक्टरांची कड ओलांडून सर्जनांचं वर्तुळही कापलं पाहिजे. मागच्या उदाहरणात तिसरी जोडी फुकटात मिळाली होती, इथे मिळत नाही. ‘सगळे आत’ची साखळी पुढे सरकते, ‘काही’ची सरकत नाही.

[दृश्य: नवे तीन शब्द – रुग्णालय, डॉक्टर, परिचारक.]

आता जरा फसवा प्रश्न. डॉक्टर आणि परिचारक रुग्णालयात असतात, म्हणून मोठं वर्तुळ रुग्णालयाचं आणि पोटात दोन लहान, असं चटकन सुचतं. पण तपासणीचं वाक्य मोठ्याने म्हणून पाहा: ‘प्रत्येक डॉक्टर हा रुग्णालय असतो.’ हसू येतं ना? वर्तुळाच्या आत असणं म्हणजे त्या ठिकाणी असणं नव्हे, त्या प्रकारचं असणं. म्हणून रुग्णालयाचं वर्तुळ बाकी दोघांपासून अलग. बोट, हात, शरीर यांचंही तसंच. बोट हाताचा भाग आहे, हाताचा प्रकार नाही. काही सराव-पुस्तकं सेकंद, मिनिट, तास यांना एकात एक बसवतात. तर्काने ते चूक आहे, पण तुम्ही देत असलेल्या परीक्षेच्या जुन्या उत्तरसूचीत तसंच असेल तर निदान तसं असल्याचं माहीत हवं. डॉक्टर आणि परिचारक या जोडीतही वाद होऊ शकतो, कारण दोन्ही पदव्या एकाच माणसाकडे असू शकतात. परीक्षेत सहसा अशी दोन कामं वेगळी धरतात.

[दृश्य: तीन छेदणारी वर्तुळं. आतले भाग एकेक करून उजळतात.]

जोड्या तपासून सगळं सुटतं का? बहुतेक वेळा सुटतं. पण तिन्ही जोड्या छेदत असतील, तर एक प्रश्न उरतो: तिन्हीत बसणारं कोणी आहे का? सम संख्या, मूळ संख्या आणि 10 पेक्षा मोठ्या संख्या घ्या. सम आणि मूळ या दोन्हीत 2 बसतो. मूळ आणि 10 पेक्षा मोठ्या यांत 11 बसतो. सम आणि 10 पेक्षा मोठ्या यांत 12. तिन्ही जोड्या छेदल्या. तरी मधला भाग रिकामाच राहतो, कारण सम मूळ संख्या एकच, 2, आणि ती 10 पेक्षा लहान आहे.

अशा वेळी तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांची मूळ रीत कामाला येते. त्यांनी ही पद्धत 1880 साली मांडली. शब्द कोणतेही असोत, तीन वर्तुळं नेहमी एकमेकांना छेदणारीच काढायची. बाहेरची जागा धरून 8 खण होतात. मग ज्या खणात कोणीच नाही, तो छायांकित करायचा. संख्यांच्या उदाहरणात मधला एकच खण काळा होतो. स्त्री, डॉक्टर, सर्जन यांत दोन खण काळे होतात, डॉक्टर नसलेल्या सर्जनांचे, एक स्त्रियांचा आणि एक बाकीच्यांचा. डॉक्टर, सर्जन, माणसं यांत चार खण काळे होतात आणि चार उरतात: तिन्ही असलेले, सर्जन नसलेले डॉक्टर, डॉक्टर नसलेली माणसं, आणि माणूसच नसलेलं बाकी सगळं.

[दृश्य: काळे खण पुसले जातात. एकात एक तीन वर्तुळं उरतात.]

परीक्षेत दिसणाऱ्या, वर्तुळं सरकवून काढलेल्या आकृत्या खरं तर गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांच्या पद्धतीच्या आहेत, व्हेन यांच्या जन्माआधीच्या. दोन आकृत्यांमध्ये मन अडकलं, तर कागदाच्या कोपऱ्यात 8 खण काढावेत आणि प्रत्येकात एक खरा माणूस किंवा एक खरी संख्या लिहून पाहावी. जो खण भरत नाही, तो निवडलेल्या आकृतीत दिसताच कामा नये. आणि जो भरला, त्याला आकृतीत जागा नसेल, तर ती आकृती बाद.