टायरमध्ये नायट्रोजन: पीएसआयचा हिशेब

नायट्रोजनचे पैसे मोजायच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्यात २१ टक्के ऑक्सिजन, आणि सगळा वाद या ऑक्सिजनचा आहे.

नायट्रोजन भरणाऱ्यांचा पहिला दावा असा, की नायट्रोजनचं प्रेशर गाडी तापली तरी वाढत नाही. हे साफ चूक आहे. समजा २७ अंशाला थंड टायरमध्ये ३३ पीएसआय आहे. गेज बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही, तो मिळवला की आतला खरा दाब सुमारे ४८ होतो. धावून आतली हवा ५७ अंशांवर गेली, की हा दाब दहा टक्क्यांनी वाढतो आणि गेजवर जवळजवळ ३८ दिसतात. आत नायट्रोजन असो की हवा, आकडा हाच येतो. फरक पडतो तो पाण्यामुळे. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी वेळच्या वेळी काढलं नाही, तर ते टायरमध्ये जातं आणि त्याची वाफ होऊन प्रेशर आणखी वाढतं. हवा कोरडी असेल तर हा मुद्दाच उरत नाही.

दुसरा दावा, की नायट्रोजनचं प्रेशर हळू उतरतं, खरा आहे, पण छोटा. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकेतल्या ग्राहक संस्थेने टायरच्या ३१ जोड्या ३० पीएसआयवर वर्षभर ठेवून पाहिल्या. नायट्रोजनचे टायर सरासरी २.२ पीएसआयने उतरले, हवेचे ३.५ने. म्हणजे वर्षाकाठी फरक १.३चा. चारही चाकांत एक पीएसआय कमी असेल तर मायलेज साधारण ०.२ टक्के घटतं. लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या गाडीत १.३ पीएसआयने लिटरमागे जेमतेम पन्नास मीटर जातात, तेही वर्षभर हवा तपासलीच नाही तर.

त्यातही भरणारा घाई करतो. वॉल्व्हची पिन काढून टायर बसवला, तरी आत वातावरणाच्या दाबाची हवा उरतेच. त्यावर शुद्ध नायट्रोजन ३३ पर्यंत भरला, तर ऑक्सिजन साडेसहा टक्के राहतो. पुन्हा रिकामा करून भरला की तो दोन टक्क्यांवर येतो. एकदाच भरून पैसे घेतले, तर माल अर्धवट मिळाला असं समजा. मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, कारण तिथे ब्रेक भयंकर तापून टायरच्या आत पेट घेण्याचा धोका असतो. तुमच्या गाडीत ती वेळ येत नाही.

नायट्रोजन भरलेल्या टायरचं प्रेशर उतरलं, तर साधी हवा बिनधास्त भरा. दोन पीएसआय हवेने ऑक्सिजन एक टक्काही वाढत नाही. कमी हवेवर गाडी चालवण्यातच खरं नुकसान आहे. महिन्यातून एकदा, गाडी किमान तीन तास उभी असताना तपासा. चारांपैकी एकच टायर दर महिन्याला दोन-तीन पीएसआय उतरत असेल, तर वॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले, तर पिन बदला किंवा रिमची कड साफ करून घ्या. ही गळती नायट्रोजननेही थांबत नाही.