बंद झालेली गोळी पुन्हा दारात

नमस्कार श्रोतेहो.

महिन्याच्या गोळ्या आता कितीतरी घरांत आपोआप येतात. कुणी ॲपवर कायमची ऑर्डर लावून ठेवलेली असते, तर कुणाकडे गावातल्या मेडिकलवरून पंचवीस-सव्वीस दिवस झाले की भरलेली पिशवी येते. सोय चांगलीच आहे. घोळ होतो तो डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर. जुनी गोळी चिठ्ठीवरून जाते, ऑर्डरमधून मात्र जात नाही. ती ऑर्डर नीट बंद कशी करायची, हे आज एकाच उदाहरणावरून पाहू.

समजा, जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात सत्तरीतली एक आई आहे. मुलगा पुण्याला असतो आणि औषधांचं ॲप त्याच्याच फोनमध्ये आहे. आईला सकाळी टेल्मिसार्टन ४०, संध्याकाळी अम्लोडिपिन ५ आणि रात्री कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन १० अशा तीन गोळ्या चालू आहेत. पहिल्या दोन ब्लडप्रेशरच्या. ६ मे रोजी आई जळगावला डॉक्टरांकडे जाते. संध्याकाळची गोळी कधीकधी राहून जाते असं सांगते. डॉक्टर दोन्ही औषधं असलेली एकच गोळी लिहून देतात, सकाळी एक. आई जळगावातूनच महिन्याच्या गोळ्या घेऊन घरी येते. १२ मे रोजी दारात नेहमीचं पार्सल येतं. त्यात जुनी टेल्मिसार्टन, जुनी अम्लोडिपिन आणि रात्रीची गोळी.

आता डब्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या झाल्या. आईने पुण्याला फोन लावून विचारलं, “भाऊ, हाई गोयी नवी शे का जुनी?” तर बरं. बहुतेक वेळा कुणी विचारत नाही, कारण पोराने पाठवलंय म्हणजे बरोबरच असणार. मग रोज टेल्मिसार्टन ८० आणि अम्लोडिपिन १० पोटात जातं, म्हणजे दोन्ही औषधं दुप्पट. उठताना अंधारी येते, चक्कर येते. वैशाखातल्या उन्हात घामाने पाणी गेलेलं असलं तर जास्तच. आठवडाभरात घोट्यांवर सूज दिसू लागते, कारण अम्लोडिपिनचा डोस वाढला की पाय सुजणं हा त्याचा नेहमीचा त्रास आहे. खरी फसगत इथे होते. घरचे म्हणतात, किडनीचं काही असेल. दुसऱ्या डॉक्टरकडे नेतात, तिथे सूज उतरायची आणखी एक गोळी सुरू होते, आणि मूळ कारण डब्यात तसंच राहतं.

तुम्ही म्हणाल, ॲपवर फार्मासिस्ट असतो, चिठ्ठी तपासतो, मग त्याच्या हे लक्षात कसं येत नाही? तो तपासतो, पण त्याच्यासमोर तुम्ही पूर्वी टाकलेली चिठ्ठी असते. जुनी ऑर्डर जुन्या चिठ्ठीशी तंतोतंत जुळते. जळगावची नवी चिठ्ठी आईच्या पिशवीत आहे, ती त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. म्हणून नुसती ऑर्डर बंद करून भागत नाही. खात्यातली जुनी चिठ्ठी काढून तिथे नवीही टाकावी लागते.

पहिलं काम दवाखान्यातच करायचं. नवी चिठ्ठी हातात आली की जुनी तिच्याशेजारी ठेवा आणि डॉक्टरांना विचारा, यातलं काय बंद, काय बदललं, काय तसंच चालू? बंद झालेल्या गोळीपुढे त्यांच्याच हाताने ‘बंद’ लिहून आणि तारीख टाकून घ्या. बऱ्याचदा चिठ्ठीवर फक्त नवी गोळी लिहिलेली असते. जुनी गेली हे डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं असतं, आणि तोंडी सांगितलेलं चोपड्याला पोचेपर्यंत विसरलं जातं.

घरी आल्यावर पट्टीची मागची बाजू वाचा. तिथे एक नाव असतं ते कंपनीने ठेवलेलं. दुसरं असतं ते औषधाचं, त्याच्या प्रमाणासह. आपल्या उदाहरणात नव्या पट्टीमागे टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन ही दोन्ही नावं आहेत, आणि तीच नावं जुन्या दोन पट्ट्यांमागे एकेक करून आहेत. अक्षर दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. ऑर्डर बंद करताना कंपनीच्या नावावर जाऊ नका, कारण माल नसला की दुकानदार त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पट्टी देतो. तुम्ही एक नाव बंद केलं तर तेच औषध दुसऱ्या नावाने येऊ शकतं.

आता पुण्यातल्या फोनवर येऊ. ॲपमध्ये गोळी थांबवायचे साधारण तीन मार्ग दिसतात. स्किप, पॉज आणि कॅन्सल. स्किप म्हणजे फक्त एक फेरी वगळणं. मुलाने १२ मेची फेरी स्किप केली तर मे महिन्यात काही येणार नाही, तो निर्धास्त होईल, आणि ११ जूनला तीच पिशवी दारात उभी राहील. पॉज म्हणजे थोडे दिवस थांबवणं. मुदत संपली की ते पुन्हा चालू होतं. कायमची गेलेली गोळी कॅन्सलच करायची, तीही त्या एका औषधापुढचं बटण दाबून. वरचं मोठं बटण बहुधा पूर्ण यादी बंद करतं. ते दाबलं तर रात्रीची ॲटोर्वास्टॅटिनही बंद होईल, आणि ती संपल्याचं महिन्याभराने कळेल. ॲपमध्ये एकेक औषध काढायची सोयच नसेल तर पूर्ण यादी बंद करून नव्या चिठ्ठीवरून नवी यादी लावा. ते जास्त स्वच्छ.

११ जून म्हटलं, त्याचं कारण असं. बरीच ॲपं महिना धरत नाहीत, ३० दिवस धरतात. १२ एप्रिलनंतर १२ मे, मग ११ जून, मग ११ जुलै. बारा तारीख लक्षात ठेवली तर चुकाल. पुढची फेरी कधी आहे ते ॲपमध्येच पाहा.

त्याहून महत्त्वाची तारीख वेगळीच असते. पार्सल १२ तारखेला येत असलं तरी ऑर्डर त्याआधीच तयार होते. आपल्या उदाहरणात ती ९ मे रोजी तयार झाली असं धरा. मुलाने ७ तारखेला गोळी काढली तर काम झालं. १० तारखेला काढली तर पुढच्या फेऱ्या थांबतील, पण ९ तारखेला बनलेली ऑर्डर आपल्या वाटेने निघालेली असेल. म्हणून कायमच्या यादीतून गोळी काढल्यावर चालू ऑर्डरींचं पान वेगळं उघडून तीही रद्द करायची. ‘मी तर बंद केलं होतं’ म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं.

पैशाचंही सांगतो. यूपीआय ऑटोपे लावलेलं असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तसा संदेश येतो. तो आला म्हणजे ऑर्डर अजून जिवंत आहे असं समजा. पण नुसतं ऑटोपे रद्द करून औषध थांबेलच असं नाही. काही ठिकाणी तीच ऑर्डर रोखीने द्यायची म्हणून येते, आणि आई डब्यातले पैसे काढून देऊन टाकते. शिवाय ऑटोपे सगळ्या यादीचं मिळून एकच असेल तर चालू ठेवायच्या गोळ्याही अडकतात. आधी औषध काढा, मग ऑर्डर रद्द करा, आणि सगळी यादीच बंद केली असेल तरच ऑटोपेला हात लावा.

गावातल्या मेडिकलवरून पिशवी येत असेल तर काम सोपं, पण तोंडी सांगू नका. सांगणारा काउंटरवरच्या पोराला सांगतो आणि यादी असते मालकाच्या कॉम्प्युटरमध्ये. नव्या चिठ्ठीचा फोटो आणि त्याखाली असा निरोप व्हॉट्सॲपवर टाका: “आईच्या गोळ्या ६ मेपासून बदलल्या. टेल्मिसार्टन ४० एकटी बंद, अम्लोडिपिन ५ एकटी बंद, कोणत्याही कंपनीची देऊ नका. नवी गोळी दोन्ही मिळून एक, रोज सकाळी, ४ जूनपर्यंत पुरेल. रात्रीची ॲटोर्वास्टॅटिन १० चालू. यादीत बदलल्यावर कळवा.” यातला ‘एकटी’ हा शब्द गाळू नका. नुसतं ‘टेल्मिसार्टन बंद’ लिहिलं तर नवी गोळीही थांबेल, कारण तिच्यातही टेल्मिसार्टन आहे.

एवढं करूनही पार्सल आलंच तर दारातच परत करा. ओटीपी सांगितला की माल घेतला अशी नोंद होते, म्हणून आईला आधीच बजावून ठेवा: पुण्याहून फोन आल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. आपल्यासारखं अर्धं पार्सल हवं, अर्धं नको असं असेल तर ते घ्या, पण नको असलेल्या पट्ट्या अखंड ठेवा आणि त्याच दिवशी परतीची मागणी टाका. कापलेली पट्टी सहसा कुणी परत घेत नाही. बॅच नंबर आणि मुदत पट्टीवर एकाच जागी छापलेली असते. तो तुकडा गेला की उरलेल्या गोळ्या कोणत्या मालातल्या हे सांगता येत नाही.

घरात उरलेल्या जुन्या गोळ्या त्याच दिवशी डब्यातून काढा, रबर लावा, वर मार्करने ‘बंद ६ मे’ लिहा आणि औषधांच्या जागेपासून लांब ठेवा. पट्टी न फोडलेली आणि बिल जवळ असेल तर दुकानात विचारून पाहा. नव्या गोळ्या मात्र पट्टीतून सोडवून डबीत भरू नका. टेल्मिसार्टनला हवेतला ओलावा चालत नाही, ती घ्यायच्या वेळीच काढायची.

आणि दुप्पट गोळ्या गेल्याच असतील तर? घाबरून सगळं बंद करू नका. ब्लडप्रेशर मोजा, आकडा लिहा, घेतलेल्या सगळ्या पट्ट्या समोर ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तोपर्यंत बिछान्यावरून उठताना आधी थोडं बसायचं, मग उभं राहायचं. शुद्ध हरपली किंवा उभंच राहवत नसेल तर थेट दवाखान्यात. अम्लोडिपिन शरीरातून सावकाश जातं, म्हणून डोस सुधारल्यावरही पायांची सूज उतरायला काही दिवस लागतात. साखरेच्या गोळीत, विशेषतः ग्लिमेपिराइड असलेल्या गोळीत, हीच चूक झाली तर मामला तातडीचा असतो. घाम, थरथर, बडबडणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्या, आणि नंतर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण त्या गोळीने साखर पुन्हा खाली येऊ शकते.

शेवटची तपासणी पुढच्या फेरीच्या तीन-चार दिवस आधी करायची. आपल्या उदाहरणात ती ७ जूनला येते. मुलाने ॲप उघडून दोन ठिकाणी बघायचं. कायमच्या यादीत एकटी टेल्मिसार्टन आणि एकटी अम्लोडिपिन नाही ना, आणि चालू ऑर्डरींत त्यांच्या नावाची नवी ऑर्डर बनलेली नाही ना. दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट काढून आईला पाठवायचे, म्हणजे ११ तारखेला दारात कुणी उभं राहिलं तर काय घ्यायचं आणि काय परत करायचं हे तिच्या हातातच असेल.

नमस्कार.