रात्री बाराची मोजणी

(दादर येथे नर्सिंग इनचार्ज आणि मेट्रन यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बसा बसा, उभं राहू नका. उभं राहायची सवय आपल्याला आयुष्यभर आहेच, निदान आज तरी बसा.

मला विषय दिलाय तो असा: आयसीयूत प्रत्येक शिफ्टला किती नर्स लागतात, ते एनएचपीपीडीवरून कसं काढायचं. एनएचपीपीडी म्हणजे नर्सिंग अवर्स पर पेशंट डे, हे इथं कुणाला सांगायला नको. चोवीस तासांतले नर्सचे तास वर आणि पेशंट-दिवस खाली. एका पेशंटला एक नर्स दिली की चोवीस तास, दोघांना एक दिली की बारा. आपल्याकडे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक आणि बाकीच्यांना दोघांत एक, असा सर्वसाधारण हिशोब धरतात. एवढं सांगून मी खाली बसले तरी चालेल. पण वरचा आकडा कुठून आला आणि खालचा कुणी लिहिला, यावर माझी जुनी तक्रार आहे. आज माईक हातात आहे, तर ती सांगून घेते.

मी ज्या हॉस्पिटलात इनचार्ज होते त्याचं नाव सांगणार नाही. तिथल्या काही जणी आज समोर बसल्यात, त्यांनी हसू नये. आमचं युनिट सरासरी दहा पेशंटचं, त्यात तीन व्हेंटवर. मॉर्निंग सात ते दोन, इव्हनिंग दोन ते नऊ, नाईट नऊ ते सात. इव्हनिंग नऊला सुटायची आणि बदलापूरच्या मुली घरी पोचेपर्यंत अकरा वाजायचे, पण तो वेगळा विषय. आमची गरज मोजायला सोपी होती. व्हेंटच्या तिघांना तीन नर्स, उरलेल्या सात जणांना साडेतीन, म्हणजे एका वेळी साडेसहा. गुणिले चोवीस केलं की १५६ तास, भागिले दहा केलं की १५.६. व्यवस्थापनानं त्याचे १६ केले आणि म्हणाले, हे तुमचं टार्गेट. मी म्हटलं, छान.

महिन्याच्या मीटिंगला आमचा आकडा नेहमी १६ च्या वर. कौतुक व्हायचं, समोसे यायचे. आणि माझ्या मुली नाईटवरून सकाळी उतरायच्या त्या लोकलमध्ये उभ्याउभ्या झोपणाऱ्या. मला कळेना, आकडा खोटा की मुली नाटकी.

मग ती रात्र आली. मी पुढच्या दिवशी रजिस्टर, ड्यूटी लिस्ट आणि ट्रान्सफर बुक तिन्ही घेऊन बसले होते, म्हणून वेळा मला अजून पाठ आहेत. सकाळी सातला दहा पेशंट. रात्री दहाला दोघांना वॉर्डात हलवलं. का, तर बेड मोकळे हवेत म्हणून. रात्री एकला ते दोन्ही बेड पुन्हा भरले, एक पेशंट कॅज्युअल्टीतून आला, एक ओटीतून. अॅडमिशन म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. लाइन, मॉनिटर, औषधं, ब्लडचे सॅम्पल, नातेवाइकांची सही. दोन मुली तासभर एका बेडला बांधल्या जातात. त्या रात्री चार मुली होत्या. दोघी एका नव्याकडे, एक दुसऱ्या नव्याकडे, चौथी सगळीकडे. दोन वाजून दहा मिनिटांनी सहा नंबरच्या पेशंटनं स्वतःची ट्यूब ओढून काढली. डॉक्टर धावले, ट्यूब पुन्हा घातली, पेशंट वाचला. आठवड्यानं तो चालत घरी गेला. पण इन्सिडेंट रिपोर्टात 'मनुष्यबळ' या रकान्यात काय लिहिलं गेलं असेल? 'पुरेसे. एनएचपीपीडी १७.२५.'

मला हा आकडा कुठून आला ते शोधायला एक संध्याकाळ लागली. नर्सचे तास: मॉर्निंगला सात जणी सात तास म्हणजे ४९, इव्हनिंगला सहा म्हणजे ४२, नाईटला चार जणी दहा तास म्हणजे ४०. बेरीज १३१. पण रिपोर्टात १३८. हे सात तास माझे होते! मी इनचार्ज. मी त्या दिवशी इंडेंट भरत होते, बायोमेडिकलशी भांडत होते, एका मुलीच्या रजेवर सही करत होते. एकाही पेशंटला हात लावला नाही. तरी मला नर्स म्हणून मोजलं. मला आनंदच व्हायला हवा होता, नाही का?

आता खालचा आकडा. पेशंट किती, तर आठ. कारण सेन्सस रात्री बाराला घेतात आणि बारा वाजता दोघे निघून गेलेले, दोघे यायचे होते. घड्याळाच्या त्या एका ठोक्याला युनिट सगळ्यात रिकामं होतं आणि नेमका तोच ठोका हिशोबाला घेतला. १३८ भागिले ८ म्हणजे १७.२५. मी मेट्रनना म्हटलं, बाई, बाराला मोजायचं हे कुणी ठरवलं? त्या म्हणाल्या, बिलिंगनं. बेडचं भाडं बारापासून बदलतं ना! म्हणजे खोलीभाड्याचं घड्याळ नर्सच्या हिशोबाला लावलेलं. लॉजवाल्यांना हे बरं जमतं, तिथं पाहुण्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागत नाही.

(हशा)

आता हेच मी पेशंट-तास धरून मोजते, सकाळी सात ते दुसऱ्या दिवशी सात. सातपासून रात्री दहापर्यंत दहा पेशंट, पंधरा तास, म्हणजे १५०. दहा ते एक आठ पेशंट, तीन तास, २४. एक ते सात पुन्हा दहा, सहा तास, ६०. बेरीज २३४ पेशंट-तास. चोवीसनं भागा, ९.७५ पेशंट-दिवस. माझे तास काढून टाकले की वर १३१. उत्तर १३.४. रिपोर्टात १७.२५ आणि खरं १३.४, आणि यात अॅडमिशन-ट्रान्सफरची धावपळ धरलेलीच नाही. दोन पेशंट गेले नि दोन आले की पेशंट-तास फारसे हलत नाहीत, काम मात्र वाढतं. म्हणून मी सेन्ससच्या रकान्याशेजारी 'आले-गेले' हा वेगळा रकाना ठेवायला लागले.

पण माझा खरा मुद्दा अजून पुढे आहे. हे १३.४ सुद्धा दिवसभराचं आहे. शिफ्ट वेगळी करा. मॉर्निंगला ४९ तास आणि ७० पेशंट-तास. भागा, चोवीसनं गुणा, १६.८. म्हणजे सकाळी टार्गेटच्या वर. इव्हनिंगला ४२ आणि ७०, उत्तर १४.४. नाईटला ४० तास आणि ९४ पेशंट-तास: १०.२. लागणार होते १५.६ आणि दिले १०.२. ट्यूब कुठल्या शिफ्टला निघाली ते आता मला विचारू नका. सकाळची सुबत्ता रात्रीची कमतरता झाकते. सकाळी राउंड असतो, साहेब असतात, व्हिजिटर असतात, म्हणून माणसं सकाळी. पेशंटला मात्र सकाळ झाली हे पुष्कळदा कळतसुद्धा नाही.

एक विषयांतर करते, मग मुद्द्यावर येते. २६ जुलै २००५. दुपारनंतर आभाळ फाटलं, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. मॉर्निंगच्या मुली निघाल्या आणि कमरेएवढ्या पाण्यातून परत आल्या. नाईटची एकही पोचली नाही. मॉर्निंग आणि इव्हनिंगनं मिळून रात्र काढली, खुर्चीत आळीपाळीनं वीस मिनिटं डोळे मिटून. त्या चोवीस तासांचा एनएचपीपीडी मी नंतर काढला, आमच्या त्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या आकड्यांपैकी तो होता! कारण तासाला ताजा आणि शिळा कळत नाही. सतराव्या तासाची मुलगी आणि पहिल्या तासाची मुलगी, कागदावर दोघी सारख्याच. तीन महिन्यांपूर्वी आलेली आणि पंधरा वर्षांची, त्याही सारख्याच.

ही चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' मला जे सांगायला बोलावलं होतं ते अजून सुरूच केलेलं नाही, म्हणजे बरोबर चाललंय.

पदं किती मागायची ते भराभर सांगते, लिहून घ्या. एका वेळी साडेसहा लागतात, पण अर्धी मुलगी येत नाही, म्हणून सात. सात गुणिले तीन शिफ्ट, एकवीस. इथं थांबून पुष्कळ जण एकवीस पदं मागतात. चूक. सात गुणिले चोवीस म्हणजे रोज १६८ तास, वर्षाला ६१,३२० तास बेडजवळ हवेत. आता एक मुलगी वर्षात किती तास देते? ३६५ मधून साप्ताहिक ऑफ ५२, सण-सुट्ट्या १०, सगळ्या प्रकारच्या रजा, आजारपण आणि ट्रेनिंग मिळून ३५ धरा. उरले २६८ दिवस. शिफ्ट सरासरी आठ तास, त्यातून जेवण-चहाचा अर्धा तास गेला, साडेसात. २६८ गुणिले साडेसात, २०१० तास. ६१,३२० भागिले २०१०, साडेतीस. ३१ पदं. तुमच्याकडच्या रजा वेगळ्या असतील, तर तुमचा २०१० वेगळा येईल. हा आकडा एचआरकडून मागू नका, मागच्या वर्षीच्या हजेरीपटातून स्वतः काढा. एचआर मिळायच्या रजा सांगतं, हजेरीपट घेतलेल्या सांगतो.

एकवीसच भरल्या तर काय होतं तेही बघा. एकवीस गुणिले २०१०, भागिले ३६५, रोजचे साधारण ११५ तास. चोवीसनं भागा, एका वेळी पाचसुद्धा नाहीत. मग सकाळी सात दाखवल्या की रात्री चार का उरतात ते आपोआप कळतं. एकवीसचे ३१ म्हणजे पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त. सरकारी स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषातही ऑफ आणि रजांसाठी ४५ टक्के जादा पदं धरलेली आहेत. हिशोबाची वाट वेगळी, पण फायनान्सवाला 'एवढे कसे?' म्हणाला तर हे त्याच्यापुढे ठेवा.

आणखी दोन गोष्टी, पाच मिनिटं राहिलीत. सरासरी दहा म्हणजे काही दिवस बारा आणि काही दिवस आठ. बाराच्या दिवशी माणसं कुठून आणणार ते आधी ठरलेलं हवं: शेजारच्या एचडीयूतून कोण येईल, कोणाला व्हेंट येतं, नावासकट. आठच्या दिवशी तुमच्या मुलीला वॉर्डात पळवायचं असेल तर तेही त्याच वहीत लिहा, नाहीतर ते तास तुमच्या नावावर मोजले जातात आणि काम वॉर्डात होतं. व्हेंटचे आणि बिनव्हेंटचे असे दोनच गट पुरत नाहीत हेही खरं. डायलिसिस चालू असलेला, सारखं उठून बसणारा, दर तासाला सक्शन लागणारा, व्हेंट नसतानाही यांना पुरी नर्स लागते. त्यासाठी नर्सिंग अॅक्टिव्हिटीज स्कोअर आहे, २००३ सालचा. त्यात १०० गुण म्हणजे एका नर्सची पूर्ण शिफ्ट. तो रोज भरायला वेळ जातो. आम्ही आठवड्यातून एक दिवस तिन्ही शिफ्टला भरायचो आणि आपला १५.६ अजून बसतो का ते बघायचो. व्हेंट तीनवरून चार झाले की तोच आकडा १६.८ होतो.

आणि हो, इनचार्ज. या ३१ मध्ये ती नाही. ती बत्तिसावी. तिला बेड देऊ नका आणि तिचे तास वर लिहू नका.

चिठ्ठी परत आली, यात फक्त 'चहा' लिहिलंय. उद्या ड्यूटीवर जाल तेव्हा मागच्या महिन्याचा रिपोर्ट काढा आणि त्यातली एकच रात्र ट्रान्सफर बुकाशी ताडून बघा. बाराच्या आधी कोण गेलं आणि बारानंतर कोण आलं, एवढंच.