झऱ्याची कमाई

(दृश्य : विहीर वरून. पाण्यात सोडलेली मोजपट्टी.)

ही विहीर ६ मीटर व्यासाची आहे. रात्रभर पंप बंद होता, शेजारचे पंपही बंद ठेवले होते. सकाळी पाणी कठड्यापासून ५ मीटर खाली स्थिर उभं आहे. आता पाणी उपसून झऱ्यातून विहिरीत किती पाणी येतं ते मोजायचं आहे. या उपसा चाचणीतली सगळी मोजमापं याच पातळीपासून होणार.

(दृश्य : पाइपच्या तोंडाखाली पिंप.)

२०० लिटरचं पिंप २० सेकंदांत भरतं, म्हणजे तासाला ३६ हजार लिटर. पाणी खाली जाईल तसा पंपाला ते जास्त उंच चढवावं लागतं आणि धार मंदावते. म्हणून व्हॉल्व्ह सुरुवातीला थोडा आवळून ठेवला आहे. पुढे तो थोडा थोडा सैल करत धार तेवढीच ठेवली जाते. अधूनमधून पिंप पुन्हा भरून पाहतात. पाइपही लांब नेला आहे, कारण उपसलेलं पाणी विहिरीच्या आसपास मुरलं तर तेच पाणी पुन्हा आत येईल आणि मापं खोटी ठरतील.

(दृश्य : उतरणारी पातळी, भिंतीवरची ओली रेघ.)

पहिल्या तासात पातळी १ मीटर ११ सेंटीमीटर उतरली. या व्यासाच्या विहिरीत एक सेंटीमीटर म्हणजे २८३ लिटर पाणी. हिशेब केला तर बाहेर गेलेल्या ३६ हजारांपैकी सुमारे साडेएकतीस हजार लिटर विहिरीत आधीच साठलेलं होतं. खडकातून नवं आलं ते जेमतेम साडेचार हजार. जाड धार पाहून विहिरीला भरपूर पाणी आहे असं वाटतं, पण ती धार पुंजीवर चालली आहे. झऱ्याची कमाई अजून दिसायची आहे.

(दृश्य : भिंतीतली आडवी भेग उघडी पडते. भेगेतून धारा.)

पावणेदोन तासांनी, स्थिर पातळीच्या १ मीटर ८० सेंटीमीटर खाली, ही भेग उघडी पडली. बाकीची भिंत आणि तळ अखंड खडकाचे आहेत, कुठेही पाझर नाही. म्हणजे विहिरीचं सगळं पाणी याच वाटेने येतं. भेग बुडलेली असेपर्यंत खडकातलं पाणी उंच आणि विहिरीतलं खाली, हा फरक वाढत होता, आणि त्याबरोबर आवकही. पाणी भेगेच्या खाली गेलं की फरक तिथेच थांबतो. आता विहीर आणखी कितीही उपसा, भेगेतून येणारी धार वाढणार नाही.

(दृश्य : पंप बंद होतो. मोजपट्टी पुन्हा खाली.)

तीन तासांनी पंप बंद केला. तेव्हा पातळीतली घट २ मीटर ७४ सेंटीमीटर झाली होती. चाचणीचा मोलाचा भाग आता सुरू होतो. पंप बंद, त्यामुळे पाणी जितकं चढेल तितकं सगळं झऱ्याचं.

पहिल्या तासात पाणी ५० सेंटीमीटर चढलं, दुसऱ्या तासात ४९. तिसऱ्या तासात ४२, मग ३२, मग २४. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे का, याचं उत्तर समोरच्या भिंतीत आहे. तोवर भेग उघडी होती, म्हणून आवक ठरावीक होती. भेग बुडली आणि चढण्याचा वेग मंदावत गेला. भेग कॅमेऱ्यात दिसली नसती, तरी या नोंदींवरून ती किती खोलीवर आहे हे ओळखता आलं असतं.

५० सेंटीमीटर म्हणजे तासाला सुमारे १४ हजार लिटर. ही या झऱ्याची आजची कमाल आवक. पंप तासाला ३६ हजार खेचतो. त्याहून मोठा बसवला तर विहीर लवकर रिकामी होईल, इतकंच. खोदून खोल केली तर साठा वाढेल. आवक मात्र खाली दुसरी भेग लागली तरच वाढेल.

(दृश्य : विंधन विहिरीचं तोंड, आत जाणारी केबल.)

विंधन विहिरीत साठा नावापुरताच असतो. १५ सेंटीमीटर व्यासाच्या बोअरमध्ये एका मीटरला १८ लिटरही पाणी मावत नाही. त्यामुळे खडकाची आवक तिथे काही मिनिटांतच बोलू लागते, आणि सुरुवातीच्या नोंदी दर मिनिटाला घ्याव्या लागतात. पातळी चढतानाच्या नोंदींवरून खडकाची पाणी वाहून नेण्याची क्षमता काढायची रीत थाईस या भूजलतज्ज्ञाच्या १९३५ च्या समीकरणावर उभी आहे. ते समीकरण बोअरमधला साठा शून्य धरतं. म्हणून रुंद विहिरीला ते जसंच्या तसं लावलं तर उत्तर चुकतं.

(दृश्य : वहीतला आलेख.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी एका सेंटीमीटरच्या फरकाने मूळ जागी आलं होतं. ते खालीच अडकलं असतं, तर आसपासच्या खडकातला साठाच तोकडा आहे असा संशय घ्यावा लागला असता.

तासाला १४ हजार लिटर हा आकडा आजच्या पातळीचा आहे. कोरड्या दिवसांत स्थिर पातळी एक मीटरने उतरली, तर भेगेवर ८० सेंटीमीटरच पाणी उरेल आणि कमाल आवक तासाला सुमारे सहा हजार लिटरवर येईल. पिकाचा हिशेब त्या सहा हजारांवर धरावा लागतो, म्हणून चाचणी तेव्हा पुन्हा घ्यायची.