मामांची इस्पिक दुर्री आणि आमचा हुकूम

नमस्कार मंडळी, बसा बसा. मागच्या खुर्च्या मोकळ्या आहेत, पुढं रमीवाल्यांनी रुमाल टाकून जागा धरल्यात, तो त्यांचा जुना रोग आहे. वार्षिक मेळाव्याला सगळ्यांचं स्वागत. खानापूर, निपाणीहून पहाटेच्या बसनं आलेत त्यांचं जास्त, आणि चंदगडहून राज्य ओलांडून पत्ते पिसायला आलेत त्यांचं तर विशेषच. बेळगावात सीमाप्रश्न म्हटलं की लोकांना 1956 आठवतं, आमच्या क्लबचा सीमाप्रश्न मात्र टेबलाच्या मधून जातो, एका बाजूला शहापूर, दुसऱ्या बाजूला वडगाव, आणि मधे फक्त चहाचा कप.

मला दहाच मिनिटं दिलीत. विषय आहे 'हुकूम बंद की कट'. त्यावर येतो, पण त्याआधी गेल्या वर्षीच्या फायनलचं सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. वर्ष झालं पोटात ठेवून बसलोय.

मेंढीकोट आपल्यातल्या पोरांनासुद्धा येतं, पण आज काही नव्या सुना, जावई आलेत म्हणून दोन वाक्यं. चौघं, समोरासमोरचे दोघं भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. दश्शी म्हणजे मेंढी, अशा चार. तीन घेतल्या की जिंकलात, चारी घेतल्या तर समोरच्यावर कोट, आणि दोन-दोन झाल्या तर ज्याचे सात हात तो जिंकला. बस्स. रमीत तुम्ही प्युअर सिक्वेन्स लागला नाही म्हणून नशिबाला शिव्या देता, इथं शिव्या द्यायला समोर जिवंत भिडू असतो, हा मोठा फायदा.

तर फायनल. मी आणि शहापूरचे मामा एकीकडं, वडगावचे मास्तर आणि वहिनी दुसरीकडं. या जोडीबद्दल तक्रार अशी की दोघं खेळताना कानडीतून इशारे करतात. मास्तर छताकडं बघून म्हणतात 'हत्तु ऐती', म्हणजे दहा आहे. अहो मास्तर, इथं टेबलावरच्या चौघांनाही कानडी येतं, शेजारच्या टेबलालाही येतं, चहा देणाऱ्या पोराला तर आपल्यापेक्षा चांगलं येतं! इशारा करायचा तर निदान कोकणीत तरी करा. (वहिनी म्हणतात तेही सगळ्यांना येतं. खरं आहे.)

डाव कट हुकूमाचा होता. तिसऱ्या हाताला चौकट चालू असताना मामांकडं चौकट नव्हती, त्यांनी किलवर चौकी टाकली, झाला किलवर हुकूम. पुढचं सगळं सांगत नाही. अकरा हात झाले तेव्हा आमचे सहा, त्यांचे पाच. मेंढ्या आमच्या दोन, त्यांची एक. राहिली बदाम दश्शी, आणि ती माझ्या हातात. उतारी मामांची.

आता बघा कोणाकडं काय होतं. मामांकडं बदाम एक्का आणि इस्पिक दुर्री. माझ्याकडं बदाम दश्शी आणि बदाम छक्की. मास्तरांकडं इस्पिक नव्वी आणि चौकट तिर्री. वहिनींकडं बदाम राजा आणि बदाम गुलाम. हुकूम? एकही नाही, तेराच्या तेरा किलवर पडलेल्या. मामांनी बदाम एक्का उतरला असता, मी दश्शी टाकली असती, कापायला कुणाकडं काही नाही, तीन मेंढ्या, ट्रॉफी शहापूरला. मी मनात ट्रॉफी कुठल्या कपाटात ठेवायची ते ठरवून मोकळा झालो होतो.

मामांनी इस्पिक दुर्री टाकली.

मला वाटलं चुकून दोन पानं चिकटली. नाही, शांतपणे टाकली. मास्तरांनी नव्वीनं हात घेतला, मी छक्की फेकली, वहिनींनी गुलाम. शेवटच्या हाताला मास्तर उतरले चौकट तिर्री. चौकट कुणाकडंच नाही, हुकूम संपलेला, म्हणजे ती तिर्रीच सगळ्यात मोठी! वहिनींचा राजा, मामांचा एक्का आणि माझी मेंढी, तिघंही त्या तिर्रीच्या पोटात गेले. मेंढ्या दोन-दोन, हात त्यांचे सात. शहापूर-वडगाव रोडवर त्या रात्री कोण पेढे वाटत होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी मामांना विचारलं, एक्का का नाही उतरला? तर म्हणाले एक हुकूम बाहेर होता, एक्का कापला गेला असता, म्हणून आधी इस्पिक टाकून तो हुकूम काढून घ्यायचा विचार होता. मी म्हटलं बाहेर कसा, तेरा पडले. मामा म्हणाले बारा. आम्ही तिथंच पानं उलटी करून हात लावून मोजले. तेरा. मग कळलं, मामांनी हुकूम झाल्यावर पडलेल्या किलवर मोजल्या, पण ज्या चौकीनं हुकूम केला ती चौकी मोजलीच नाही. आणि ती टाकली कुणी होती? त्यांनीच. त्यात आणखी एक, समजा खरंच एक हुकूम बाहेर असता, तरी दुर्रीवर हात गेला की पुढची उतारी त्यांची होणार, मग हातातला एक्का चाटायचा का? एक्का तेव्हाच कामाचा जेव्हा त्या रंगाची उतारी होते.

मामा हसतायत बघा. वर्षभर म्हणतात पत्ते कट हुकूमामुळं फिरले, बंद हुकूम असता तर जिंकलो असतो. आणि इथंच माझा विषय येतो, पण अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय आणि स्वयंपाक्यानं मांडे गरम आहेत असा निरोप पाठवलाय, म्हणून पटकन सांगतो.

बंद हुकूमात एकजण स्वतःच्या हातातलं पान उलटं झाकून ठेवतो, आणि कुणाकडं मागितलेला रंग नसला की ते उघडतात. म्हणजे झाकणारा आपला लांब रंग बघून झाकतो, फायदा त्याच्या जोडीला. कटात कुणीच आधी ठरवत नाही, ज्याचा रंग आधी संपला त्याच्या हातात सगळं, त्यामुळं चांगला खेळाडू एखादा रंग मुद्दाम लवकर संपवतो. दोन्हीत डोकं लागतं, पण कटात मोजणी चुकायची जागा जास्त, कारण हुकूम मध्येच जन्माला येतो आणि आधी पडलेली त्या रंगाची पानं लोक विसरतात. माझं एवढंच म्हणणं, साखळी फेऱ्या कट ठेवा, फायनल बंद. आणि बंदमध्ये झाकणारा दर डावाला बदलत जाऊ दे, म्हणजे एकाच जोडीला लाभ नको. रमीवाल्यांनी यात मत द्यायचं नाही, तुमचा जोकर आम्ही काढतोय का?

हात वर करा. बरं, पुष्कळ आहेत. विरोधात? वडगाव. नोंद घ्या.

हरणाऱ्या जोडीनं कुंदा आणायचा नियम तसाच, पैसे लावायचे नाहीत, गेल्या वर्षीचा अर्धा किलो माझ्याकडून बाकी आहे म्हणतात, तो मामांच्या खात्यावर टाका. चार नंबरच्या टेबलाचा पाय हलतो, तिथं कागद खाली घातलाय, काढू नका.

सकाळी भिडूंच्या चिठ्ठ्या काढल्या. माझ्या चिठ्ठीत परत मामाच आलेत. टेबल तीन नंबर. चला मामा, मांडे खाऊन घेऊ.