ऑफर अपेक्षेपेक्षा कमी आली, तर उत्तर कसं द्यायचं?

(ठाण्यात नोकरी बदलू पाहणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज एकाच प्रसंगाबद्दल बोलू. मुलाखती पार पडल्यात, रिक्रूटरचा फोन आलाय आणि आकडा तुम्ही मनात धरलेल्यापेक्षा कमी आहे. पुढच्या एक-दोन दिवसांत काय करायचं, एवढाच आजचा विषय.

फोनवर आकडा ऐकताच हो किंवा नाही म्हणू नका. ‘ऑफरबद्दल मनापासून आभार, काम मला आवडलंय. पगाराचा ब्रेकअप मेलवर पाठवाल का? उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर देते,’ एवढं पुरेसं आहे. यात नाराजीही नाही आणि होकारही नाही. वेळ मागताना नेमकी मुदत सांगा आणि ती पाळा. ‘विचार करून कळवते’ असं मोघम बोललात, की रिक्रूटर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराशी बोलायला लागतो.

ब्रेकअप मागायचं कारण एका उदाहरणातून पाहू. घोडबंदर रोडला राहणारी, पाच वर्षांचा अनुभव असलेली एक टेस्टिंग इंजिनिअर घ्या. सध्याचा सीटीसी ९ लाख ६० हजार, सगळा फिक्स्ड. ऐरोलीतल्या कंपनीकडून ऑफर आली साडेअकरा लाखांची. तिची अपेक्षा तेराची होती. तरी सीटीसीवर जवळपास २० टक्के वाढ दिसते, म्हणजे वाईट नाही असं वाटतं. पण ब्रेकअप उघडला, की त्यातले १ लाख १५ हजार व्हेरिएबल निघतात. उरले १० लाख ३५ हजार. त्यातच कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते. बेसिक महिना ४२ हजार असेल, तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी महिना ५,०४० होतो, आणि ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे २४ हजार. हे वजा करून, मग स्वतःच्या वाट्याचा पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला, की हातात येतात महिना साधारण ७३,९५०. आजच्या नोकरीत, ३५ हजार बेसिकवर, हाच हिशेब ६९,७०० येतो. सीटीसीवर २० टक्के दिसणारी वाढ हातात येताना सहा टक्क्यांवर आली. पीएफ आपलाच पैसा आहे, तो बुडत नाही, हे खरं. पण व्हेरिएबल मिळेल की नाही, हे कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर ठरतं. म्हणून बोलणी सीटीसीवर करू नका, फिक्स्डवर करा.

आता समोरचा माणूस समजून घेऊ, कारण गोडवा टिकतो तो इथेच. रिक्रूटर हा पैसे देणारा नाही. त्या जागेचा एक पगारपट्टा ठरलेला असतो. त्याच्या आत आकडा हलवायचा, तर तो हायरिंग मॅनेजरला विचारतो. पट्ट्याबाहेर जायचं, तर वरची मंजुरी लागते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो: टीममधल्या जुन्या माणसांपेक्षा हिला जास्त का? म्हणजे तुमचा मेल रिक्रूटरला पुढे फॉरवर्ड करायचा असतो. वरच्या माणसाला पटेल असं कारण त्यात असेल, तर तो तुमच्या बाजूने बोलू शकतो. ‘घराचा हप्ता मोठा आहे’, ‘प्रवासाचा खर्च वाढेल’ ही कारणं खरी असली, तरी ती घेऊन त्याला वर जाता येत नाही. तो कन्सल्टन्सीतला असेल, तर त्याची फी बहुधा तुमच्या वार्षिक सीटीसीच्या टक्क्यांत ठरते. त्यामुळे तुमचा आकडा वाढला तर त्याचं नुकसान नसतं. पण ऑफर फिसकटली तर फीच जाते. म्हणून तुम्ही लवकर हो म्हणावं, अशी घाई तो करतो. ती घाई तुमच्याविरुद्ध आहे, असं मानू नका.

मेल लिहिण्याआधी दोन आकडे कागदावर लिहा: मागायचा आणि ज्याखाली जायचं नाही तो. आपल्या उदाहरणात मागणी फिक्स्ड साडेअकरा लाख, व्हेरिएबल आहे तसं वर. तळ, फिक्स्ड अकरा लाख. त्यावर बेसिक ४५ हजार धरलं, तर हातात साडेअठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास येतात. तळाचा आकडा कोणालाही सांगायचा नाही. मेल तुम्ही बहुधा इंग्रजीत लिहाल, गाभा असा:

‘ऑफरसाठी आभार. टीमशी बोलल्यावर या कामाबद्दलची माझी खात्री वाढली आहे आणि मला इथे यायचं आहे. ब्रेकअप पाहिला. फिक्स्ड भाग १० लाख ३५ हजार आहे. मुलाखतीत चर्चा झाली त्याप्रमाणे ऑटोमेशनची चौकट मला पहिल्या दिवसापासून एकटीने सांभाळायची आहे, आणि सध्याच्या नोकरीत मी तेच काम करते. ही जबाबदारी लक्षात घेता फिक्स्ड ११ लाख ५० हजार करता येईल का? व्हेरिएबल आहे तसंच चालेल. यात अडचण असेल तर कळवा, आपण फोनवर बोलू.’

एकच आकडा दिलाय, पट्टा नाही. ‘अकरा ते साडेअकरा’ लिहिलंत, की समोरचा अकराच वाचतो. कारण मुलाखतीतूनच उचललंय, म्हणजे हायरिंग मॅनेजरला ते आधीच ठाऊक आहे. आणि शेवटी प्रश्न आहे, अट नाही. दुसरी ऑफर हातात असेल तर ती सांगावी, पण खरी असेल तरच. ऑफर लेटर दाखवा म्हणाले तर? नसलेल्या ऑफरचा आकडा सांगितला असेल, तर तिथेच विश्वास संपतो आणि नोकरीही जाऊ शकते.

उत्तर बहुतेक वेळा अर्धवट येतं. समजा, फिक्स्ड १० लाख ८५ हजार आणि ५० हजार जॉइनिंग बोनस. कंपन्यांना हा बोनस सोपा जातो, कारण तो एकदाच द्यायचा असतो आणि टीमच्या पगाराची तुलना बिघडत नाही. तुमच्यासाठी मात्र तो पगार नाही. पुढची इन्क्रिमेंट फिक्स्डवर लागते, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो बहुधा परत द्यावा लागतो. इथे एकदाच आणखी बोलावं, शक्यतो फोनवर: ‘तुम्ही माझ्यासाठी प्रयत्न केलेत, त्याबद्दल आभार. फिक्स्ड अकरा झालं, तर बोनसशिवायही मी आजच होकार देते.’ बोनस सोडून तुम्ही त्याला १५ हजारांचा प्रश्न सोडवायला दिलात, आणि आजचा होकार त्याच्यासाठीही मोलाचा आहे. तरीही नाही म्हणाले, तर पैशांची बोलणी तिथे थांबवा. आठवड्यात दोन दिवस घरून काम किंवा नोटिस बायआउटची भरपाई विचारता येते, पण तीही एकदाच. तिसऱ्या फेरीत मॅनेजरच्या मनात ‘ही आल्यावरही असंच चालेल’ अशी शंका येते.

नकार द्यायचा झाला, तर त्याच दिवशी द्या: ‘आकडा माझ्या मर्यादेच्या खाली आहे, म्हणून थांबते. पुढे अशी जागा निघाली तर जरूर कळवा.’ वागळे इस्टेट, महापे, ऐरोली इथल्या कंपन्यांमध्ये रिक्रूटर स्वतःही नोकऱ्या बदलत असतात. आज तुम्ही ज्याला नकार दिलात, तोच माणूस उद्या दुसऱ्या कंपनीतून तुम्हालाच फोन करू शकतो.

होकार दिलात, तर राजीनाम्याआधी सुधारित लेटर हातात घ्या. फोनवर ठरलेला फिक्स्ड आकडा त्यात आहे का, व्हेरिएबल कोणत्या निकषांवर आणि वर्षातून किती वेळा मिळेल, बोनस किती महिन्यांत सोडल्यास परत करायचा, हे वाचा. ‘सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू’ असं तोंडी सांगितलं असेल आणि लेटरमध्ये नसेल, तर ‘फोनवर ठरल्याप्रमाणे हा मुद्दाही लेटरमध्ये घ्याल का?’ असा दोन ओळींचा मेल पाठवा, आणि त्याचं उत्तर आल्यावरच सध्याच्या मॅनेजरला राजीनाम्याचा मेल करा.